चोर आल्याची घंटा वेगळी हवी

परवा मामांचा एक सरकारी अर्ज भरायचा होता. त्यासाठी माझ्या लॅपटॉपवर त्यांचं गुगल खातं उघडलं. पासवर्ड त्यांनीच कागदावर लिहून दिला होता. खातं उघडलं, पण शेजारी पडलेला त्यांचा फोन गप्पच. नवीन यंत्रावरून कुणी खात्यात शिरलं की गुगल लगेच कळवतं. मग ते गेलं कुठे? मामा म्हणाले, "अगं, मी सगळ्याच सूचनांचा आवाज बंद केलाय. दिवसभर टिंग टिंग, डोकं उठतं."

मामांना दोष देता येत नाही. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्ये 'नोटिफिकेशन हिस्टरी' नावाचं एक पान असतं. ते आधी चालू करावं लागतं, मग मागच्या चोवीस तासांत काय काय आलं ते दाखवतं. आम्ही ते चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी मोजलं, तर ९४ सूचना निघाल्या. भाजीवर सवलत, पूर्वमंजूर कर्ज, ओळखही नसलेल्या कुणाची रील. कामाच्या म्हणाव्यात अशा चार.

एवढ्या गर्दीत ती एक सूचना वाजली असती तरी मामांना 'ऐकू' आली असती का, याची मला शंका आहे. मेंदू तोच तो इशारा पुन्हा पुन्हा भेटला की त्याच्याकडे काणाडोळा करतो. घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येत नाही, तसंच. अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून संगणकावरचे सुरक्षा-इशारे दाखवले. तोच इशारा दुसऱ्यांदा दिसला तेव्हाच मेंदूच्या दृष्टीशी निगडित भागांचा प्रतिसाद ठळकपणे घसरला होता. इशाऱ्याचं रूप बदलत राहिलं, तर ही घसरण कमी होती.

हे फक्त घरगुती माणसांचं होतं असंही नाही. २०१३ साली टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. घुसखोरी पकडणाऱ्या त्यांच्या यंत्रणेने वेळेवर इशारे दिले होते. रोजच्या ढिगाऱ्यात तेही आले आणि कारवाई करण्याजोगे वाटले नाहीत.

तेव्हा गोंगाट बंद करायचाच, फक्त तो ॲपनुसार नाही तर सूचनेच्या प्रकारानुसार. अँड्रॉइड ८ मध्ये, म्हणजे २०१७ साली, यासाठी 'चॅनल' आले. प्रत्येक ॲप आपल्या सूचनांचे गट पाडतं: ऑफर, डिलिव्हरी, खात्याची सुरक्षा वगैरे. एखादी नकोशी सूचना आली की ती दाबून धरा. ती कोणत्या गटातली आहे ते दिसतं आणि तेवढाच गट बंद करता येतो. एकदा तुम्ही बंद केलेला गट ॲपला स्वतःहून पुन्हा चालू करता येत नाही. मात्र गट कसे पाडायचे हे ॲप बनवणारा ठरवतो. काही जण लबाडी करून ऑफर आणि सुरक्षा एकाच गटात कोंबतात. तिथे ॲपच्या आतल्या सेटिंगमध्ये जाहिराती वेगळ्या बंद करता येतात का ते पाहावं. आयफोनमध्ये तर असे गट नसतातच, सारी भिस्त ॲपच्या आतल्या सेटिंगवर.

आता नेमकी घंटा. मामांचं सगळं जीमेलवर, म्हणून जीमेलचंच सांगते. गुगलचे सुरक्षेचे ईमेल ठरावीक पत्त्यावरून येतात. संगणकावर जीमेल उघडून शोधपट्टीत हे टाकलं:

```
from:(no-reply@accounts.google.com)
```

मग तिथूनच फिल्टर बनवला. स्पॅममध्ये कधी टाकू नये आणि 'सुरक्षा' नावाचं लेबल लावावं, या दोन खुणा केल्या. हा फिल्टर फोनवरच्या ॲपमध्ये बनवता येत नाही, संगणकच लागतो. पुढचं काम फोनवर. जीमेल ॲपच्या सेटिंगमध्ये खातं निवडून बाकीच्या ईमेलचा आवाज बंद केला. मग लेबलांच्या यादीत 'सुरक्षा' निवडलं, आधी त्याचं सिंक चालू केलं आणि मग प्रत्येक ईमेलला सूचना द्यावी असं ठरवलं. सिंक बंद असेल तर सूचनेचा पर्यायच मिळत नाही, आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. शेवटी त्याला असा सूर दिला जो फोनमध्ये दुसऱ्या कशालाही नाही. मामांनी जुन्या सायकलची घंटा निवडली. आयफोनच्या मेल ॲपमध्ये हाच पत्ता 'व्हीआयपी' केला की त्याला वेगळा आवाज देता येतो.

बँकेच्या एसएमएसचं मात्र असं जमत नाही. एकाच बँकेचे संदेश VM-, JD- अशा वेगवेगळ्या उपसर्गांनी येतात, कारण ती अक्षरं दूरसंचार कंपनी आणि विभाग दाखवतात. फोन त्यांचे वेगवेगळे धागे करतो. एका धाग्याला वेगळा आवाज दिला तरी पुढचा संदेश दुसऱ्याच धाग्यात येऊन बसतो. म्हणून एसएमएसचा आवाज चालूच ठेवावा आणि जाहिराती मुळाशी थांबवाव्यात. जाहिराती नकोत अशी १९०९ या क्रमांकावर नोंद केली की प्रचाराचे संदेश बंद होतात, व्यवहाराचे येत राहतात. हा संदेश चुकणं महागात पडतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्यानेच डल्ला मारला असेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काही बोजा येत नाही. घड्याळ संदेश येताच सुरू होतं, तुम्ही तो वाचेपर्यंत थांबत नाही.

घंटा वाजली की ईमेलमधली लिंक दाबायची नाही. पाठवणाऱ्याच्या नावाची नक्कल करून खोटे इशारेही येतात. त्याऐवजी स्वतः myaccount.google.com/notifications हा पत्ता टाकून पाहावं. खरा इशारा तिथेही नोंदलेला असतो.

या घंटेलाही चकवता येतं. आत शिरलेला चोर पुष्कळदा पहिल्यांदा एक फिल्टर बनवतो, जो असे इशारे परस्पर कचऱ्यात टाकतो. म्हणून फिल्टरची आणि फॉरवर्डिंगची पानं अधूनमधून चाळावीत. खात्याला जोडलेला पर्यायी ईमेल दुसऱ्या कंपनीचा, चालू आणि आपलाच असावा, कारण इशारा तिथेही जातो. मामांचा पर्यायी ईमेल त्यांच्या जुन्या ऑफिसचा निघाला. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली! दुसरी पळवाट अधिक वाईट. संगणकात घुसलेलं हेरगिरीचं सॉफ्टवेअर ब्राउझरमधली चालू लॉगिनची खूण, म्हणजे कुकी, चोरून नेतं. तिच्यासह चोर आला तर नव्याने लॉगिन होतच नाही, मग इशारा येईलच याची खात्री नाही. यावर एक उपाय: myaccount.google.com/device-activity या पानावरची यंत्रांची यादी महिन्यातून एकदा पाहायची आणि अनोळखी यंत्र बाहेर काढायचं.

सगळं जुळवल्यावर तपासून पाहणं भाग होतं. ओळखीच्या यंत्रावरून चाचणी केली तर गुगल काही कळवत नाही, म्हणून शेजारच्या पोराचा लॅपटॉप मागून आणला. खातं उघडलं. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. अर्ध्या मिनिटात आतून सायकलची घंटा वाजली आणि मामी ओरडल्या, "कोण आलंय बघा!"