आलेखाची मजकूर-नोंद

आलेखाचे अक्ष, त्यांवरील मथळे, एकके, खुणांचे अर्थ आणि महत्त्वाच्या बिंदूंच्या किमती शब्दांत व आकड्यांत टंकून ठेवणे, जेणेकरून मूळ चित्र हाताशी नसतानाही त्याचा अर्थ लावणे सुरू ठेवता येईल, या पद्धतीला येथे मजकूर-नोंद म्हटले आहे. ग्रामसभेत भिंतीवर लावलेला तक्ता उतरवला जातो, भ्रमणध्वनीवरील छायाचित्र जागा करण्यासाठी पुसले जाते, अहवालाच्या छायाप्रतीत रंग एकमेकांत मिसळून रेषा ओळखू येत नाहीत. अशा वेळी पुढच्या माणसाकडे ही नोंद तेवढी उरते. चित्र मुळातच पाहू न शकणाऱ्या वाचकालाही तिचाच आधार असतो. मराठवाड्यात तिची गरज विहिरींच्या पाणीपातळीच्या आलेखांबाबत विशेष भासते, म्हणून पुढील विवेचन त्याच आलेखाभोवती ठेवले आहे.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे पावसाळा संपल्यावर साधारण ऑक्टोबरमध्ये आणि त्यानंतर जानेवारी, मार्च व मे महिन्यांत, मोजते. मराठवाड्याचा बराचसा भाग बेसाल्टच्या कठीण खडकावर आहे. या खडकात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते, त्यामुळे चांगल्या पावसानंतर पातळी झपाट्याने वर येते आणि उपसा सुरू होताच तितक्याच लवकर खाली जाते. ही चढउतार दाखवणाऱ्या आलेखात डाव्या उभ्या अक्षावर जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली मीटरमध्ये असते आणि बहुधा उजव्या अक्षावर पावसाचे स्तंभ मिलिमीटरमध्ये असतात.

नोंदीत सर्वांत आधी उतरवायची ती अक्षाची दिशा. पातळीच्या आलेखात शून्य बहुतेक वेळा वर असते आणि आकडे खाली वाढत जातात, म्हणजे रेषा वर चढली की पाणी वर आले असे डोळ्यांना सरळ दिसते. हे न लिहिता कोणी केवळ ‘मार्चमध्ये ८.५, मेमध्ये ११’ एवढेच टंकले, तर चित्र न पाहिलेला वाचक पाणी वाढले असे समजू शकतो. काही आलेखांत मात्र खोलीऐवजी समुद्रसपाटीपासूनची उंची दिलेली असते आणि तेथे आकडा वाढणे म्हणजे खरोखरच पाणी वाढणे. म्हणून ‘शून्य वर, आकडे खाली वाढत जातात, मोजमाप जमिनीपासून’ हे वाक्य पूर्ण लिहिले पाहिजे. मोजमाप विहिरीच्या कठड्यापासून घेतले असेल आणि कठड्याची उंची वजा केली आहे की नाही याचा आलेखावर उल्लेख नसेल, तर ‘संदर्भबिंदू दिलेला नाही’ असेच नोंदवावे. येथे अंदाजाने जमीन गृहीत धरणे ही सर्वांत घातक चूक होय, कारण ती पुढे कोणालाही पकडता येत नाही.

आडव्या अक्षाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि नोंदीतील मोलाची माहिती पुष्कळदा तेथेच असते. चार मोजण्यांची नावे आलेखावर सारख्या अंतराने मांडलेली असतात, पण त्यांच्यामधील काळ सारखा नसतो: ऑक्टोबर ते जानेवारी तीन महिने, जानेवारी ते मार्च आणि मार्च ते मे प्रत्येकी दोन, तर मे ते ऑक्टोबर पाच. ‘नावे समान अंतरावर आहेत, काळाच्या प्रमाणात नाहीत’ एवढे टिपले नाही, तर रेषेच्या उताराबद्दल केलेले प्रत्येक विधान संशयास्पद ठरते.

त्यानंतर बिंदूंच्या किमती. छापील आलेखावर त्या पट्टीने काढता येतात. समजा, शून्याची रेषा कागदाच्या वरच्या कडेपासून २० मिलिमीटरवर आणि १४ मीटरची रेषा १६० मिलिमीटरवर आहे. म्हणजे १ मीटर खोलीला १० मिलिमीटर अंतर आले, आणि १०५ मिलिमीटरवरचा ठिपका ८.५ मीटर दाखवतो. दोन्ही टोकांच्या रेषा मोजण्याचे कारण असे की तिरप्या छायाचित्रात किंवा ताणलेल्या छायाप्रतीत प्रमाण वरखाली बदलते. मधल्या एखाद्या रेषेवर पडताळणी करून आकडा जुळला नाही, तर चित्र वाकडे आहे हे लगेच कळते. पट्टी नसल्यास नजरेने वाचावे, पण वाचनाची अचूकता सोबत लिहावी. दोन-दोन मीटरवर रेषा असलेल्या लहान चित्रातून अर्ध्या मीटरपेक्षा बारीक वाचन सांगू नये. तेथे ‘८.४७’ असे लिहिणे म्हणजे आलेखात नसलेली माहिती घालणे होय.

पुढील नमुना उदाहरणासाठी कल्पिलेल्या, लातूर जिल्ह्यातील १२ मीटर खोल विहिरीचा आहे.

आडवा अक्ष: मोजणीचे महिने, तीन पावसाळी वर्षे, नावे समान अंतरावर, काळाच्या प्रमाणात नाहीत.
डावा उभा अक्ष: जमिनीपासून पाण्यापर्यंत खोली, मीटर, ० वर, १४ खाली, दर २ मीटरला रेषा.
उजवा उभा अक्ष: जून ते सप्टेंबरचा एकूण पाऊस, मिलिमीटर, ० खाली, १००० वर, दर २०० ला रेषा.
खुणा: भरीव ठिपका म्हणजे मोजलेली पातळी, पोकळ ठिपका म्हणजे विहीर कोरडी, ठिपके सरळ रेषांनी जोडलेले, स्तंभ म्हणजे पाऊस.
पहिले वर्ष: पाऊस ७००, ऑक्टोबर ३.५, जानेवारी ६, मार्च ८.५, मे ११.
दुसरे वर्ष: पाऊस ४५०, ऑक्टोबर ६.५, जानेवारी ९, मार्च ११.५, मे कोरडी (पोकळ ठिपका १२ वर).
तिसरे वर्ष: पाऊस ९५०, ऑक्टोबर २.५, पुढे आलेख संपतो.
वाचन: नजरेने, खोली ०.२५ मीटरने, पाऊस २५ मिलिमीटरने कमीजास्त असू शकतो.

चित्र गेल्यावर या आठ ओळींतून किती पुढे जाता येते ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक टप्प्यात पाणी २.५ मीटरच उतरले, म्हणून चित्रात रेषा सरळ दिसत होती आणि पाहणाऱ्याने ‘पातळी एकसारखी घटली’ असे म्हटले असते. महिन्यांचा हिशेब घातला की ऑक्टोबर ते जानेवारी दरमहा सुमारे ०.८ मीटर आणि त्यानंतर दरमहा १.२५ मीटर घट निघते, म्हणजे जानेवारीनंतर वेग वाढला. चित्राने लपवलेली गोष्ट नोंदीने दाखवली, आणि ती केवळ आडव्या अक्षाबद्दलच्या एका वाक्यामुळे. हा वेग उन्हाळी उपशामुळे वाढला की खालच्या थरात पाणी साठवण्याची जागाच कमी असल्यामुळे, हे मात्र या आलेखातून सांगता येत नाही. त्यासाठी पिकांची आणि पंपांची वेगळी माहिती लागते.

दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यातील पोकळ ठिपका हा या नोंदीतील सर्वांत नाजूक भाग आहे. तो १२ मीटरच्या पातळीवर काढलेला असला तरी ते पाण्याचे मोजमाप नव्हे. पाणी विहिरीच्या तळापेक्षा खाली गेले, कितीने ते ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. टंकणाऱ्याने खुणांची सूची न पाहता ‘मे १२’ असे लिहिले, तर पुढचा माणूस पावसाळ्यातील वाढ बरोबर ९.५ मीटर धरील आणि मे महिन्याची सरासरीही काढून बसेल. ‘कोरडी’ असे लिहिले असता वाढ किमान ९.५ मीटर एवढेच म्हणता येते, आणि मेची सरासरी काढता येत नाही हेही उघड होते. पहिल्या मेपासून दुसऱ्या ऑक्टोबरपर्यंतची वाढ मात्र ११ वजा ६.५, म्हणजे ४.५ मीटर अशी निश्चित सांगता येते, कारण दोन्ही टोके भरीव ठिपक्यांची आहेत.

ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषेबाबतही हीच सावधगिरी हवी. फेब्रुवारीत पाणी कुठे होते असे कोणी विचारल्यास पहिल्या वर्षासाठी ६ आणि ८.५ यांच्या मधला सुमारे ७.२५ मीटर हा आकडा देता येईल, पण तो अंदाज आहे असे सांगूनच. मे आणि ऑक्टोबर यांना जोडणारी रेषा तर अशा अंदाजालाही उपयोगाची नाही, कारण पावसाळ्यातील वाढ जूनपासून सरळ चढत नाही, ती मोठ्या पावसांबरोबर टप्प्याटप्प्याने येते. यंत्रणा टंचाईचा विचार करताना पातळीची तुलना मागील पाच वर्षांच्या सरासरीशी करते. या नोंदीत तीनच ऑक्टोबर असल्यामुळे ती तुलना येथे शक्य नाही, आणि आलेखाचा कालावधी लिहिलेला असल्यामुळेच ते कळते.

टक्केवारीच्या आलेखात आणखी एक गोष्ट टंकावी लागते: शंभर टक्के म्हणजे काय. पैठणच्या जायकवाडी धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातील मृत साठा सुमारे ७३८ आणि जिवंत साठा सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. ‘५० टक्के’ हा आकडा जिवंत साठ्याचा असेल, तर धरणात मृत साठ्यासह सुमारे १,८२४ दशलक्ष घनमीटर पाणी असते, आणि एकूण क्षमतेशी ताडले तर तेच सुमारे ६३ टक्के ठरते. म्हणजे दोन आलेख एकाच दिवशी वेगळे आकडे दाखवूनही दोन्ही बरोबर असू शकतात. अक्षाच्या मथळ्यात केवळ ‘साठा, टक्के’ असेल, तर तेवढेच उतरवून ‘जिवंत की एकूण, उल्लेख नाही’ असे जोडावे.

स्वयंचलित मापकाने दिवसातून अनेकदा नोंदवलेल्या पातळीचा आलेख असेल, तर प्रत्येक बिंदू टंकणे शक्य नसते. तेव्हा सुरुवात, शेवट, सर्वांत वरची व सर्वांत खालची पातळी, रेषेचा कल जेथे स्पष्ट बदलतो ते बिंदू आणि रेषा जेथे तुटते त्या जागा, एवढे तारखांसह घ्यावे, आणि निवड कशी केली ते एका वाक्यात लिहावे. तुटलेल्या जागेत मापक बंद होता की पाणी त्याच्या खाली गेले होते, हे आलेखावर दिलेले असल्यासच लिहावे. नसल्यास ‘अमुक ते अमुक तारीख रेषा नाही’ असे नोंदवावे. पंप सुरू-बंद होण्याने दिवसाकाठी पडणाऱ्या बारीक दात्यांचे एकेक टोक उतरवण्यापेक्षा ‘रोज सुमारे अर्धा मीटर वरखाली’ असे वर्णन केलेले बरे, परंतु ते दाते किती तारखेपासून किती तारखेपर्यंत दिसतात हे सोडू नये, कारण उपसा कधी सुरू झाला आणि कधी थांबला याचा एवढाच पुरावा त्या आलेखात असतो.