नळ तोच, टाकी तीच, समीकरण मात्र दुसरं

एका टाकीत १०० लिटर साधं पाणी आहे. वरून मिनिटाला ५ लिटर या वेगाने मिठाचं पाणी आत पडतंय आणि त्याच्या दर लिटरमागे २० ग्रॅम मीठ आहे. आतलं पाणी सतत ढवळलं जातंय, आणि खालच्या नळातून मिनिटाला ५ लिटरच बाहेर जातंय. t मिनिटांनी टाकीत किती मीठ असेल?

मिठाचं प्रमाण y ग्रॅम धरू. आत येणारं मीठ मिनिटाला १०० ग्रॅम, त्यात काही गुंता नाही. बाहेर जाणारं मीठ मात्र त्या क्षणी टाकीत किती आहे यावर ठरतं: y ग्रॅम १०० लिटरमध्ये पसरलंय, त्यातले ५ लिटर गेले, म्हणजे y/20 ग्रॅम गेलं. बदलाचा वेग म्हणजे आलेलं वजा गेलेलं:

y' = 100 − y/20

हे पहिल्या क्रमाचं अवकल समीकरण झालं. सोडवायला दोन ठरलेल्या रीती आहेत. एकीत चल वेगळे करायचे, दुसरीत समीकरण रेषीय आहे याचा फायदा घ्यायचा. विद्यार्थी अडतात ते बहुधा इंटिग्रेशनपाशी नाही, त्याच्या एक पायरी आधी: यातली कुठली रीत लावायची?

चल वेगळे करता यायला उजवी बाजू गुणाकारात फुटावी लागते. एक तुकडा फक्त t चा, दुसरा फक्त y चा. इथे उजवी बाजू (2000 − y)/20 अशी लिहिता येते. तिच्यात t नाहीच, म्हणजे t चा तुकडा नुसता स्थिरांक आहे. मग y असलेलं सगळं एकीकडे, t असलेलं दुसरीकडे:

dy/(2000 − y) = dt/20

दोन्ही बाजू इंटिग्रेट केल्या की −ln|2000 − y| = t/20 + C. सुरुवातीला मीठ शून्य, त्यावरून C काढला की

y = 2000(1 − e^(−t/20))

उत्तर पटतं का ते बघायला गणित लागत नाही. खूप वेळ गेल्यावर टाकीतलं पाणी येणाऱ्या पाण्याइतकंच खारट व्हायला हवं, म्हणजे १०० लिटर गुणिले २० ग्रॅम, २००० ग्रॅम. सूत्रही तेच सांगतं.

मात्र वाटेत आपण (2000 − y) ने भागलं, हे विसरू नका. सुरुवातीलाच टाकीत २००० ग्रॅम मीठ असतं तर हा भागाकार शून्याने झाला असता. त्या प्रश्नाचं उत्तर y = 2000, कायम. ते भागण्याआधीच पाहून बाजूला लिहून ठेवायचं असतं, नाहीतर हातातून निसटतं.

आता खालचा नळ थोडा बंद करू. बाहेर मिनिटाला ५ ऐवजी ३ लिटर. बाकी काहीच बदललं नाही. पण आता टाकी भरत चालली आहे. t मिनिटांनी तिच्यात 100 + 2t लिटर पाणी असेल, आणि मीठ तेवढ्या पाण्यात पसरलेलं असेल:

y' = 100 − 3y/(100 + 2t)

उजवी बाजू गुणाकारात फोडून बघा. जमणार नाही. पण ‘मला जमलं नाही’ आणि ‘जमणं शक्यच नाही’ यांत फरक आहे, आणि तो चार आकड्यांत कळतो. उजव्या बाजूला f(t, y) म्हणा. ती खरंच गुणाकार असेल तर कुठल्याही दोन t आणि दोन y साठी f(a, c)·f(b, d) आणि f(a, d)·f(b, c) सारखेच यायला हवेत. t साठी 0 आणि 50, y साठी 0 आणि 1000 घेऊ. f(0, 0) = 100 आणि f(50, 1000) = 85, गुणाकार 8500. तिरके दुसरे दोन: f(0, 1000) = 70 आणि f(50, 0) = 100, गुणाकार 7000. जुळत नाहीत, विषय संपला. जुळले असते तर मात्र ते फोडून बघण्याचं आमंत्रण असतं, सिद्धता नव्हे. एखादी चौकडी योगायोगानेही जुळू शकते.

उलट बाजूने, 1 + x + y + xy हे बेरजेसारखं दिसणारं पद याच चाचणीत पास होतं, कारण ते मुळात (1 + x)(1 + y) आहे. प्रश्न काढणाऱ्यांना हा वेश फार आवडतो.

टाकीकडे परत येऊ. फुटत नसलं तरी y इथे पहिल्या घातातच आहे. y² नाही, sin y नाही, y कुणाच्या छेदात नाही. म्हणून समीकरण रेषीय. ते y' + P·y = Q या साच्यात बसवू:

y' + 3y/(100 + 2t) = 100

चुका इथेच होतात. y' चा सहगुणक 1 असल्याशिवाय P वाचायचा नाही, आणि y चं पद डावीकडे आणताना चिन्ह बदलायचं.

आता युक्ती. दोन्ही बाजूंना अशा μ ने गुणायचं की डावी बाजू μ·y या गुणाकाराचं अवकलन होऊन बसेल. (μy)' = μy' + μ'y, तेव्हा आपल्याला μ' = P·μ हवं. आणि हे समीकरण चल वेगळे करून सुटणारं आहे! दुसऱ्या रीतीच्या पोटात पहिलीच बसली आहे. ते सोडवलं की μ = e^(∫P dt), यालाच इंटिग्रेटिंग फॅक्टर म्हणतात. आपल्याकडे ∫P dt = (3/2) ln(100 + 2t), म्हणून μ = (100 + 2t)^(3/2). उजव्या बाजूलाही μ ने गुणायला विसरलात तर पुढचं सगळं वाया.

[(100 + 2t)^(3/2)·y]' = 100(100 + 2t)^(3/2)

इंटिग्रेट करून लगेच, μ ने भागण्याआधी, C लिहायचा. शेवटी आठवला म्हणून नुसता +C चिकटवला तर उत्तर चुकतं, कारण भागल्यावर C सोबत t सुद्धा येतो:

y = 20(100 + 2t) + C(100 + 2t)^(−3/2)

t = 0 ला y = 0, म्हणून C = −20,00,000. ५० मिनिटांनी टाकीत २०० लिटर पाणी आणि सुमारे ३२९३ ग्रॅम मीठ असेल, लिटरला साधारण साडेसोळा ग्रॅम. पहिल्या टाकीत त्याच वेळी लिटरला १८.४ ग्रॅम झालेलं असतं. पातळ करणारं जुनं पाणी कमी वेगाने बाहेर जातंय, तेव्हा हे बरोबरच आहे.

पहिलं समीकरण मग कुठल्या गटातलं? दोन्ही. रेषीय रीतीनेही ते सुटतं, आणि मला तिथे तीच बरी वाटते: लॉगमधलं निरपेक्ष मूल्य नाही, शून्याने भागण्याची भीती नाही. y' = ty² सारखं आलं की मात्र ती दारं बंद, चल वेगळेच करायचे. आणि dy/dx = 1/(x + y²) यासारखं काही आलं, जे फुटतही नाही आणि y मध्ये रेषीयही नाही, तर ते उलटं करून बघा: dx/dy = x + y². आता x पहिल्या घातात आहे.

टाकीची क्षमता २०० लिटर असेल तर आपलं दुसरं सूत्र ५० व्या मिनिटापर्यंतच चालतं. त्यानंतर काठावरून मिनिटाला २ लिटर खारं पाणी सांडू लागतं, नळाचे ३ धरून एकूण ५ लिटर बाहेर. पाणी २०० लिटरवर थांबतं, y' = 100 − y/40, आणि t पुन्हा उजव्या बाजूतून गायब. तिथून पुढे y = 4000 − 707e^(−(t − 50)/40).