पेग सारखा, रक्तातला आकडा वेगळा: एका प्रश्नाची सत्तर वर्षं

तेवढीच दारू घेऊनही बाईच्या रक्तात पुरुषापेक्षा जास्त मद्यार्क का दिसतो, हा तो प्रश्न. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात एरिक विडमार्क नावाचे शास्त्रज्ञ होते. दारू प्यायलेल्या माणसाच्या रक्तात नेमका किती मद्यार्क आहे, हे मोजायची साधी पद्धत त्यांनी १९२२ मध्ये बसवली. तोवर त्यासाठी रक्त बरंच लागायचं, त्यामुळे एकाच माणसाचं रक्त दर अर्ध्या तासाला तपासणं अवघड होतं. विडमार्क यांना बोटाच्या टोकातून काढलेलं थेंबभर रक्त पुरायचं. काचेच्या छोट्या चंबूच्या तळाशी पिवळं डायक्रोमेट मिसळलेलं गंधकाम्ल असायचं आणि बुचाला एक इवलीशी वाटी टांगलेली असायची. रक्त त्या वाटीत ठेवायचं, बूच घट्ट बसवायचं आणि चंबू कोमट पाण्यात ठेवायचा. रक्तातला मद्यार्क उडून खालच्या आम्लात उतरतो आणि तिथलं डायक्रोमेट खर्च करतो. मागे किती डायक्रोमेट उरलं ते मोजलं की रक्तात मद्यार्क किती होता ते कळतं.

बायकांना दारू लवकर चढते, हे लोक फार पूर्वीपासून म्हणत आले आहेत आणि म्हणताना त्यात हिणवण्याचा सूरही असतो. नाजूक प्रकृती, सवय नाही, मन हळवं, अशी कारणं सांगितली जातात. ती सगळी बाजूला ठेवून या प्रश्नाकडे बघता आलं ते या चंबूमुळे. चढणं मनाचं किती आणि सवयीचं किती, यावर वाद घालता येतो. रक्तातल्या आकड्यावर तसा वाद घालता येत नाही.

या पद्धतीने विडमार्क यांनी वीस पुरुष आणि दहा स्त्रियांना वजनाच्या मानाने मोजून मद्यार्क दिला, ठरावीक वेळाने त्यांचं रक्त तपासत राहिले आणि १९३२ मध्ये सगळं जर्मन भाषेतल्या पुस्तकात मांडलं. शरीराचं एकूण वजन धरलं तर त्यातला किती भाग मद्यार्काला ‘पसरायला’ मिळतो, यासाठी त्यांनी एक गुणक काढला. आज तो r या अक्षराने ओळखला जातो. पुरुषांसाठी त्याची सरासरी ०.६८ निघाली आणि स्त्रियांसाठी ०.५५. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यांमध्ये हे दोन आकडे जगभरच्या न्यायवैद्यकात अजूनही वापरले जातात. त्यातला बायकांचा आकडा दहाच जणींवरून काढलेला आहे, हे मला नेहमी टोचतं. पण नंतर कितीतरी जास्त लोकांवर मोजमापं झाली तेव्हाही हा फरक त्याच दिशेने राहिला.

फरक कशामुळे पडतो, ते मद्यार्काच्या स्वभावात आहे. तो पाण्यात कितीही विरघळतो, चरबीत मात्र फारसा शिरत नाही. पोटातून रक्तात आला की शरीरात जिथे जिथे पाणी आहे तिथे तो तासाभरात सारखा पसरतो. स्नायूंमध्ये सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं, चरबीत फार तर दहा-पंधरा टक्के. वयात आल्यावर मुलींच्या अंगात चरबीचं प्रमाण वाढतं आणि मुलांच्या अंगात स्नायूंचं. म्हणून सर्वसाधारण पुरुषाच्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि स्त्रीच्या वजनात पन्नास टक्क्यांच्या आसपास. एक चमचा साखर मोठ्या तांब्यात ढवळली काय आणि लहान तांब्यात ढवळली काय, साखर तेवढीच. गोडी मात्र लहान तांब्यात जास्त.

हे प्रत्यक्ष आकड्यांत बघू. एक स्त्री आणि एक पुरुष, दोघंही तीस वर्षांचे, दोघांची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६० किलो. उंची, वजन आणि वय यांवरून शरीरातलं पाणी काढायचं वॉटसन यांचं सूत्र १९८० पासून वापरात आहे. त्यानुसार तिच्या शरीरात साधारण ३० लिटर पाणी भरतं आणि त्याच्या शरीरात ३७ लिटर. दोघांनी ६० मिलीचा एकेक लार्ज घेतला. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, म्हणजे त्या पेगमध्ये २० ग्रॅम मद्यार्क आला. तो सगळा पाण्यात पसरला आणि रक्ताचा ऐंशी टक्के भाग पाणी धरला, तर तिच्या रक्तात दर १०० मिलीमागे ५४ मिलिग्रॅम होतात आणि त्याच्या रक्तात ४३. वजन तेच, उंची तीच, ग्लासही तोच, तरी तिचा आकडा जवळपास पाव पटीने वर. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. प्रत्यक्षात पोटातून मद्यार्क हळूहळू येतो आणि तोवर काही जळूनही जातो, त्यामुळे दोघांचाही आकडा याच्या खालीच राहतो. आणि एरवी जोडप्यात बाईचं वजनही कमी असतं, म्हणजे तफावत याहूनही वाढते.

हे स्पष्टीकरण पुरतं का, याची कसोटी सोपी आहे. मद्यार्क वजनाच्या मानाने न देता शरीरातल्या पाण्याच्या मानाने द्यायचा आणि फरक उरतो का ते बघायचं. ऐंशीच्या दशकात असे प्रयोग झाले. १९८३ मध्ये लंडनच्या एका गटाने स्त्री-पुरुषांच्या शरीरातलं पाणी मोजून तुलना केली तेव्हा फरकाचा उलगडा मुख्यतः पाण्यातच झाला. मासिक पाळीच्या टप्प्यांमुळे आकडा हलतो ही त्या काळातली चर्चित शंका होती, पण तिला त्या मोजमापांत आधार मिळाला नाही. इथे प्रश्न मिटला असं वाटायला हरकत नव्हती.

मग जानेवारी १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक निबंध आला. त्यामागे इटलीतल्या त्रिएस्ते शहरातले डॉक्टर होते आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधले चार्ल्स लीबर होते. दारू आणि यकृत या विषयात लीबर यांचं नाव फार मोठं. त्यांचं म्हणणं असं की मद्यार्क तोडणारं विकर, म्हणजे अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे एन्झाइम, यकृतासारखंच जठराच्या अस्तरातही असतं. पेग रक्तात पोचण्याआधीच त्यातला काही भाग जठरात संपतो. बायकांच्या जठरात हे विकर कमी काम करतं, म्हणून त्यांच्या रक्तात जास्त मद्यार्क उतरतो.

प्रयोगाची आखणी देखणी होती. एकूण वीस पुरुष आणि तेवीस स्त्रिया होत्या. प्रत्येकाला वजनाच्या दर किलोमागे ०.३ ग्रॅम मद्यार्क एकदा तोंडाने दिला आणि एकदा थेट शिरेतून. शिरेतून दिलेला मद्यार्क जठराला वळसा घालून जातो, म्हणून दोन्ही वेळच्या आकड्यांतली वजाबाकी म्हणजे वाटेतच संपलेला भाग. शिवाय दुर्बिणीने तपासणी करताना जठराच्या अस्तराचा कण काढून त्यातलं विकर मोजलं. दारूचं व्यसन नसलेल्या स्त्रियांमध्ये विकराचं काम पुरुषांच्या ५९ टक्के भरलं आणि वाटेतच संपणारा भाग पुरुषांच्या अवघा २३ टक्के. व्यसनी स्त्रियांमध्ये तर तो जवळजवळ शून्यावर आला होता. शिरेतून दिल्यावर मात्र स्त्री-पुरुषांत फरक दिसला नाही.

ही बातमी जगभर गेली. ‘बायकांमध्ये ते एन्झाइमच नसतं’ हे वाक्य आजही ऐकू येतं ते तिथूनच आलेलं, आणि ते चुकीचं आहे. बायकांमध्ये हे विकर असतं, यकृतात तर भरपूर असतं. निबंधातही जठरातलं काम कमी आहे एवढंच म्हटलं होतं.

पुढच्या काही वर्षांत याच निबंधावर जोरदार हरकती आल्या. मिनियापोलिसमधले मायकेल लेव्हिट यांचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. जठरातल्या विकराची एकूण मात्रा यकृताच्या मानाने फारच थोडी आहे. मग वाटेतच संपलेला भाग जठरातच संपला हे कशावरून? मद्यार्क पोटातून सावकाश येत असेल तर तो थोडा थोडा यकृतात पोचतो आणि यकृत तो पहिल्याच फेरीत बराचसा उरकतं. एकदम आला तर यकृताचं विकर आधीच गुंतलेलं असतं आणि बाकीचा पुढे निसटतो. म्हणजे वजाबाकी तीच, पण श्रेय दुसऱ्याच अवयवाचं. भरल्या पोटी दारू कमी का चढते, तेही यातून कळतं. जेवण मद्यार्काला जठरातच रोखून धरतं आणि यकृताला सवड मिळते. चखण्याचा उपयोग एवढाच. तो मद्यार्क शोषून घेतो ही समजूत खरी नाही.

लीबर यांच्याच गटाने २००१ मध्ये पुन्हा मोजणी केली आणि तीतून आधीपेक्षा बारीक चित्र पुढे आलं. बिअरसारख्या पाच टक्क्यांच्या पेयात जठराच्या वाट्याचा फरक स्त्री-पुरुषांत दिसलाच नाही. दहा आणि चाळीस टक्क्यांच्या पेयांत तो दिसला. कारण जठरातली विकरं एकाच प्रकारची नाहीत. त्यांतल्या एकाला काम करायला फार तीव्र मद्यार्क लागतो आणि बायकांमध्ये नेमकं तेच कमी आढळलं. म्हणजे नीट किंवा ऑन द रॉक्स घेतलेल्या व्हिस्कीत जठराचा थोडा वाटा असू शकतो, बिअरच्या ग्लासात नाही. वयाचाही प्रश्न आहे. १९९३ च्या एका जर्मन पाहणीत तरुणपणी पुरुषांच्या जठरात हे काम जास्त होतं, पण पुरुषांमध्ये ते वयाबरोबर घसरत गेलं आणि उतारवयात तो फरक उरला नाही. शरीरातल्या पाण्याचा फरक मात्र बिअरलाही लागू पडतो आणि व्हिस्कीलाही. म्हणून कारण एकच सांगायचं असेल तर मी पाणी सांगेन. जठराचं विकर त्याच्या मागे, तेही ठरावीक पेयांत आणि ठरावीक वयात.

आणखी एक गैरसमज याला चिकटलेला असतो. बायकांच्या रक्तात आकडा वर जातो म्हणजे त्यांचं यकृत मंद असणार, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानात शिरेतून मद्यार्क देऊन रक्तातली पातळी स्थिर राखली आणि सोबत यकृताचं आकारमानही मोजलं. शरीर लहान असूनही बायकांचं यकृत पुरुषांच्या यकृताएवढंच निघालं आणि तासाला जळणारा मद्यार्कही जवळपास तेवढाच. जळण्याचा वेग तोच आणि पाणी कमी, म्हणून बायकांचा आकडा तासागणिक किंचित भरभर खाली येतो. त्यांचं शिखर उंच असतं, उतार मंद नसतो.

हे सगळं सरासरीचं आहे. विडमार्क यांच्या गुणकातही माणसामाणसांत मोठी तफावत होती. सडपातळ, व्यायाम करणाऱ्या बाईचा गुणक पोट सुटलेल्या पुरुषाच्या वर जाऊ शकतो. उतारवयात पुरुषांचेही स्नायू झिजतात आणि पाणी कमी होतं, म्हणून चाळिशीत जो पेग सहज पचायचा तोच साठीत जास्त चढतो. त्यामागे लहान तांब्याचंच गणित आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा १०० मिली रक्तामागे ३० मिलिग्रॅम आहे, स्त्रीसाठी तीच आणि पुरुषासाठी तीच. वरच्या हिशेबातली दोघंही एका लार्जनंतर या मर्यादेच्या पलीकडे जाऊ शकतात. रक्तातून तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम कमी होतात. ४३ वरून ३० च्या खाली यायला त्याला चाळीस ते पन्नास मिनिटं लागतील. ५४ वरून तिथे यायला, तिचा उतार थोडा वेगाचा धरूनही, सव्वा ते दीड तास. ‘मी ठीक आहे, तूही ठीकच असशील’ असं म्हणत त्याने तिच्या हातात गाडीची किल्ली दिली, तर त्याचा अंदाज त्याच्या ३७ लिटरवर बेतलेला असतो. तिच्याकडे ३० च आहेत.