बॉइलओव्हर (तेलाच्या टाकीतला उकळस्फोट)

क्रूडची, म्हणजे कच्च्या तेलाची, टाकी वरून पूर्ण पेटली आणि तासन् तास जळत राहिली, तर कधीतरी अचानक पेटतं तेल उसळून टाकीबाहेर दूरवर पडतं, याला बॉइलओव्हर म्हणतात. कारण तळाला साचलेलं पाणी.

क्रूड हे हलक्या-जड तेलांचं मिश्रण. वरचा हलका भाग जळतो, उरलेलं जड तेल तापून खाली उतरतं आणि त्याचा एक गरम थर तयार होतो, १५० अंशांच्या वर, कधी ३०० च्या आसपास. आगीमुळे तेलाची पातळी तासाला साधारण पाव मीटर उतरते, हा थर मात्र त्याहून बराच वेगाने खाली सरकतो, म्हणून वरून बघणाऱ्याला टाकी अजून भरलेलीच दिसते. थर पाण्याला टेकला की पाण्याची वाफ होते, जवळपास १७०० पट जागा घेणारी. ४० मीटर व्यासाच्या टाकीत ५ सेंमी पाणी म्हणजे ६३ घनमीटर, सगळ्याची वाफ झाली तर लाखभर घनमीटर. सगळं पाणी एका दमात उकळत नाही हे खरं, पण बारा मीटर उंच टाकीत मावतंच मुळी पंधरा हजार, तेव्हा थोडं पाणीही पुरतं. शिवाय वरच्या तेलाच्या दाबाने पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी लगेच उकळत नाही, मग एकदम फुटतं.

गरम थर बनतो कसा यावर जुना वाद आहे. हॉल या अभ्यासकाने १९२५ मध्ये हलका भाग उडून जड भाग बुडतो असं मांडलं. ब्रोकमन आणि शेकर (१९९५) यांच्या प्रयोगांत मात्र थराच्या आत हलकी तेलं उकळून, बुडबुडे उठून ढवळणं होतं असं दिसतं, आणि थर खाली सरकण्याचा वेग समजायला हेच जास्त पटतं. निदान एकच घटक असलेल्या द्रवात असा जाड थर का होत नाही ते यातून कळतं.

व्हेनेझुएलातल्या ताकोआ वीजकेंद्रात १९ डिसेंबर १९८२ ला सकाळी ६ च्या सुमाराला टाकीचा स्फोट झाला. आत जड फ्युएल ऑइल होतं, ते असं उसळत नाही असा समज होता, म्हणून लोक जवळच थांबले, आणि साधारण सहा तासांनी ते उसळलं, टेकडीवरून पेटतं खाली वाहिलं, १५० हून जास्त माणसं गेली, त्यात अग्निशामक दलाचेही बरेच. तेलात हलका भाग मिसळलेला असावा असं बहुतेक अभ्यासकांना वाटतं. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनला क्रूडची टाकी दोनदा उसळली, तिथे कुणी दगावलं नाही.

गरम तेलावर वरून पाणी मारल्यावर फेस सांडतो तो स्लॉपओव्हर, त्यात वरचाच पातळ थर उकळतो, गोंधळ करू नये. बॉइलओव्हरचा गरम थर खाली कुठवर आलाय ते टाकीच्या भिंतीवर पाण्याची उभी रेघ मारून बघतात, ती कुठे लगेच सुकते त्यावरून, किंवा थर्मल कॅमेऱ्याने. ज्वाळा एकाएकी उंच आणि उजळ झाल्या, तळण्यासारखा आवाज आला, तर पळायला फार वेळ उरलेला नसतो. तळाचं पाणी काढून घेणं हा उपाय सुचतो खरा, पण छत कोसळून बुडालं असेल तर त्यात पाण्याचे खिसे अडकतात, ते ड्रेनने निघत नाहीत.