तेल बंद, तरी ट्रायग्लिसराइड वाढलेले

"मी तेलकट खातच नाही, मग नाईट शिफ्टने रक्तातली चरबी कशी वाढेल?"

तेलाशिवायही वाढते. ऐरोलीत रात्रपाळी करणारा माझा भाचा पहाटे तीनला पाव-जॅम आणि दोन गोड चहा घ्यायचा. रात्री इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि जादा साखरेपासून यकृत ट्रायग्लिसराइड बनवतं. त्यात तासन्‌तास खुर्चीत बसलं की पायांच्या स्नायूंतलं, ही चरबी फोडणारं एन्झाइम सुस्तावतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ठीक होतं, म्हणून स्वारी निर्धास्त!

शिफ्ट सुटल्यावर सकाळी आठला रक्त दिलं, म्हणजे उपास जेमतेम पाच तासांचा. ट्रायग्लिसराइड २८०. सुट्टीत बारा तास उपाशी राहून पुन्हा तपासलं, तर १९०. वाढीव आकडा खाण्याच्या वेळेचा, पण १५० या सामान्य मर्यादेच्या वरचे ४० खरेच.