अंबडच्या कारखान्यातला फोटो नेमका कुठे राहतो?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या मशीनिंगच्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगवर बारीक छिद्रं दिसतात. क्वालिटीतला इन्स्पेक्टर मोबाइलवर फोटो काढतो, फोटो समजणाऱ्या एआय सहायकात टाकतो आणि विचारतो, ही गॅस पोरॉसिटी की श्रिंकेज? उत्तर पटकन मिळतं. पण फोटोत कास्टिंगशेजारी ग्राहकाचं ड्रॉइंग पसरलेलं आहे, पार्ट नंबर वाचता येतो आणि मागे एका कामगाराचा चेहरा दिसतो. ते ड्रॉइंग बाहेर कुणाला द्यायचं नाही, असं कारखान्याने ग्राहकाला लिहून दिलेलं आहे.

अशी सेवा घेताना मालक विक्रेत्याला साधारण एकच प्रश्न विचारतो: आमचा डेटा भारतात राहील ना? ‘हो’ असं उत्तर आलं की विषय मिटतो. वास्तविक इथे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न साठवणुकीचा. फाइल आणि संभाषण ज्या डिस्कवर पडून राहतं, ती डिस्क कोणत्या प्रदेशात आहे? मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं मुंबई, पुणे, हैदराबाद इथे आहेत, त्यामुळे हे उत्तर खरंही असू शकतं. दुसरा प्रश्न प्रक्रियेचा. मॉडेल फोटोचे छोटे चौकोनी तुकडे करतं, त्यांचं आकड्यांत रूपांतर करतं आणि त्यावरून उत्तर तयार करतं. हे काम ज्या महागड्या चिपवर चालतं, ती त्या क्षणी जिथे मोकळी असेल तिथे विनंती पाठवली, तर सेवा स्वस्तही पडते आणि वेगवानही होते. मायक्रोसॉफ्टच्या अझुर या क्लाउड सेवेत म्हणूनच ‘ग्लोबल’ आणि ‘रीजनल’ असे वेगळे पर्याय आहेत. ग्लोबल घेतला, तर साठवलेला डेटा निवडलेल्या भूभागातच राहतो, पण प्रक्रिया जगातल्या कोणत्याही केंद्रात होऊ शकते. म्हणजे ‘डेटा भारतात आहे’ हे वाक्य खरं असतानाही ड्रॉइंगचा फोटो परदेशी जाऊन आलेला असू शकतो. त्यामुळे विक्रेत्याला असं विचारायचं: साठवण कुठे, प्रक्रिया कुठे आणि गर्दीच्या वेळी विनंती दुसऱ्या प्रदेशात वळते का? उत्तर लेखी घ्यायचं. आपल्याला हवं ते मॉडेल भारतातल्या प्रक्रियेसाठी उपलब्धच नाही, असंही कळू शकतं; मग निर्णय कंपनीचा.

मुदतीचा प्रश्न याहून फसवा आहे. ‘आम्ही ३० दिवसांत पुसतो’ असं सांगितलं, तर लगेच विचारावं: कोणती प्रत? संभाषणाच्या इतिहासातली प्रत वापरणारा पुसेपर्यंत राहते. गैरवापर तपासण्यासाठीच्या नोंदी वेगळ्या असतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या एपीआयमध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून मॉडेल वापरण्याच्या मार्गात, त्या सर्वसाधारणपणे ३० दिवसांपर्यंत ठेवल्या जातात. पण त्याच एपीआयवर फोटो विनंतीसोबत न पाठवता आधी फाइल म्हणून चढवला, तर मुदत ठरवून दिलेली नसल्यास ती फाइल कुणी पुसेपर्यंत तशीच असते. कारखान्याचं सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्याने सोयीसाठी हा दुसरा मार्ग निवडला असेल, तर मालकाला त्याचा पत्ताही नसतो. त्याशिवाय बॅकअप आहेत. उत्तराखालचा अंगठा वर किंवा खाली दाबला, की त्या संभाषणाला काही सेवांमध्ये वेगळी, बरीच लांब मुदत लागू होते. इन्स्पेक्टरला हे कोण सांगणार?

पुसण्याची तपासणी मात्र करता येते. एक निरुपद्रवी फोटो चढवायचा, त्याचा फाइल क्रमांक लिहून ठेवायचा, फोटो पुसायचा आणि त्याच क्रमांकाने पुन्हा मागायचा. फाइल परत आली, तर पुसणं झालेलंच नाही. नाही आली, तरी आपल्याला दिसणारी प्रत गेली एवढंच सिद्ध होतं. नोंदी आणि बॅकअप यांच्यासाठी करारातल्या शब्दांवरच भिस्त ठेवावी लागते.

करारालाही अपवाद असतो. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने ओपनएआयला एरवी पुसल्या गेल्या असत्या अशा संभाषणांच्या नोंदीही जपून ठेवायला लावल्या. तो बंधनकारक काळ काही महिने चालला. एंटरप्राइझ ग्राहक आणि ‘शून्य साठवण’ करार असलेले एपीआय ग्राहक त्यातून वगळले होते. त्यामुळे इन्स्पेक्टर कोणत्या खात्यातून फोटो टाकतो, कंपनीच्या की स्वतःच्या जीमेलने उघडलेल्या, हा प्रश्न मला मॉडेलच्या हुशारीपेक्षा मोठा वाटतो.

कामगाराच्या चेहऱ्याचा मुद्दा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडे जातो. हा कायदा डेटा परदेशी पाठवण्यावर सरसकट बंदी घालत नाही. केंद्र सरकार ठरावीक देशांवर निर्बंध घालू शकतं. मात्र हेतू संपल्यावर डेटा पुसण्याची आणि आपण नेमलेल्या सेवादाराकडूनही पुसून घेण्याची जबाबदारी तो कंपनीवर टाकतो.

फोटोच्या फाइलमध्ये वेळ, मोबाइलचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. पाठवण्याआधी संगणकावर exiftool या प्रोग्रॅमच्या पहिल्या आज्ञेने अक्षांश-रेखांश पाहता येतात आणि दुसरीने ही सगळी माहिती काढता येते:

```
exiftool -gps:all casting.jpg
exiftool -all= casting.jpg
```

दुसऱ्या आज्ञेनंतर त्याच फोल्डरमध्ये `casting.jpg_original` नावाची जुनी प्रत उरते. अक्षांश-रेखांश तिच्यात जसेच्या तसे असतात, म्हणून अपलोड करताना कोणती फाइल उचलतोय ते बघावं लागतं.