चामखीळ जाते, विषाणू राहतो: जननेंद्रियांवरील चामखिळी, एचपीव्ही आणि लागणीनंतरच्या लसीचा प्रश्न

जननेंद्रियांवर किंवा गुदद्वाराभोवती उगवणाऱ्या मऊ, खरबरीत, कधी फुलकोबीसारख्या दिसणाऱ्या चामखिळी प्राचीन ग्रीक आणि रोमन वैद्यांनाही ठाऊक होत्या. त्यांचे खरे कारण मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नीट कळले नव्हते. दीर्घकाळ त्यांना स्वतंत्र आजार मानलेच जात नव्हते. त्या परमा किंवा गरमी या रोगांचाच एक भाग आहेत, किंवा परम्याच्या स्रावाने कातडी सतत ओली राहून चिडते म्हणून त्या उगवतात, असा समज युरोपातील वैद्यकात रूढ होता. पुढे या दोन्ही रोगांचे जंतू सापडले, तेव्हा चामखिळी असलेल्या अनेक रुग्णांच्या शरीरात ते जंतू नसतात हे उघड झाले आणि जुने स्पष्टीकरण कोसळले. त्याच्या जागी नवे स्पष्टीकरण मात्र लगेच आले नाही.

1907 साली इटलीतील ज्युसेप्पे चुफो यांनी हातावरील चामखिळीचा अर्क जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि त्या गाळलेल्या द्रवानेही त्वचेवर नवी चामखीळ उगवते हे दाखवले. चामखिळीमागे विषाणू आहे एवढे त्यातून सिद्ध झाले. त्यातूनच पुढचा एक गैरसमजही जन्माला आला: हातावरचा विषाणूच जननेंद्रियांच्या ओलसर त्वचेवर पोहोचला की तिथे वेगळे रूप घेतो, असे अनेकांनी गृहीत धरले. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या प्रसाराचा प्रश्न त्यामुळे बाजूला पडला.

हा प्रश्न 1954 साली अमेरिकेतील एका निरीक्षणाने पुन्हा ऐरणीवर आला. कोरियन युद्धाच्या काळात पूर्वेकडे गेलेले काही सैनिक तिथे असताना त्यांना लिंगावर चामखिळी झाल्या होत्या. ते घरी परतल्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत त्यांच्या पत्नींनाही तशाच चामखिळी झाल्या. अशा 24 स्त्रियांची नोंद बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली आणि हा लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार आहे असे स्पष्ट म्हटले. त्यानंतर 1971 साली लंडनमधील डॉ. ओरिएल यांनी रुग्णांच्या जोडीदारांची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा जवळपास दोन-तृतीयांश जोडीदारांमध्ये चामखिळी आढळल्या. संसर्गापासून चामखीळ दिसेपर्यंतचा काळ सरासरी तीन महिन्यांच्या आसपास असला, तरी तो तीन आठवड्यांपासून आठ महिन्यांपर्यंत बदलत होता. आज हा काळ काही जणांमध्ये याहूनही लांबू शकतो हे माहीत आहे. म्हणूनच आज चामखीळ दिसली याचा अर्थ जोडीदाराने अलीकडेच विश्वासघात केला असा काढता येत नाही. हा निष्कर्ष घाईने काढल्यामुळे जे संसार विनाकारण दुखावतात, त्यांच्यासाठी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली पाहिजे.

विषाणूची नेमकी ओळख पटली ती जर्मनीत. हॅराल्ड त्सुर हाउसेन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण शोधत होते आणि त्यामागे चामखिळींच्या कुळातलाच विषाणू असावा असा त्यांचा कयास होता. त्यांच्या गटाने 1980 साली जननेंद्रियांवरील चामखिळींमधून मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, प्रकार 6 वेगळा केला आणि लवकरच प्रकार 11 ओळखला. मात्र कर्करोगाच्या बहुसंख्य नमुन्यांत हे प्रकार सापडेनात. तिथे 1983 साली प्रकार 16 आणि 1984 साली प्रकार 18 सापडला. या संशोधनासाठी त्सुर हाउसेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णाच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग असा, की जननेंद्रियांवरील सुमारे 90 टक्के चामखिळी प्रकार 6 आणि 11 यांच्यामुळे होतात आणि हे प्रकार कर्करोगाच्या दृष्टीने कमी धोक्याचे आहेत. चामखीळ झाली म्हणजे कर्करोगाची सुरुवात झाली, ही भीती त्यामुळे निराधार ठरते. मात्र एकाच व्यक्तीला दोन प्रकारांची लागण एकाच वेळी असू शकते, म्हणून स्त्रियांनी गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी ठरलेल्या वयात आणि ठरलेल्या अंतराने करून घेणे आवश्यक असते.

उपचारांचा इतिहास समजून घ्यायचा तर हा विषाणू त्वचेत कसा राहतो ते आधी पाहावे लागते. त्वचेच्या अगदी सूक्ष्म ओरखड्यातून तो सर्वांत खालच्या थरातील पेशींत शिरतो आणि तिथे जवळजवळ गप्प राहतो. त्या पेशी वाढत वाढत पृष्ठभागाकडे सरकतात, तसा तो स्वतःच्या प्रती काढू लागतो आणि त्याचे बाहेरचे कवच तर वरच्या थरांतच तयार होते. डोळ्यांना दिसणारी चामखीळ हा या सगळ्याचा वरचा भाग आहे. 1985 साली फेरेन्झी आणि सहकाऱ्यांनी लेझरने चामखिळी काढलेल्या 20 रुग्णांच्या आजूबाजूच्या, दिसायला निरोगी असलेल्या त्वचेची तपासणी केली. त्यांतील 9 जणांच्या त्वचेत विषाणूचा डीएनए मिळाला. या 9 पैकी 6 जणांना चामखिळी पुन्हा झाल्या. उरलेल्या 11 जणांपैकी केवळ एकालाच त्या पुन्हा झाल्या. अभ्यास लहान होता, परंतु उपचार नीट करूनही चामखिळी परत का येतात याचे उत्तर त्याने दिले.

पहिले परिणामकारक औषध याच्या कितीतरी आधी मिळाले होते. 1942 साली न्यू ऑर्लिन्सच्या कॅप्लन यांनी पोडोफायलिन ही वनस्पतिजन्य राळ तेलात कालवून चामखिळींवर लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ही राळ अमेरिकेतील एका वनस्पतीपासून मिळते, तशीच आपल्या हिमालयातील वनककडीपासूनही मिळते. ती पेशींचे विभाजन रोखते. मात्र तिची तीव्रता प्रत्येक खेपेला सारखी नसते आणि जास्त प्रमाणात शोषली गेल्यास ती विषारी ठरते. म्हणून ती डॉक्टरांनीच लावावी आणि काही तासांत धुऊन टाकावी असा दंडक पडला. तिच्यातील शुद्ध घटक वापरून पुढे 0.5 टक्के पोडोफायलोटॉक्सिनचे द्रावण आले. हे रुग्णाला घरी लावता येते: तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लावायचे, पुढचे चार दिवस थांबायचे, आणि असे चक्र गरजेप्रमाणे चार वेळांपर्यंत करायचे. ही दोन्ही औषधे गर्भवतीने मुळीच वापरू नयेत.

1997 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इमिक्विमॉडने वेगळी वाट धरली. हे मलम पेशी जाळत नाही, ते त्या जागी शरीराची प्रतिकारशक्ती जागी करते. आठवड्यातून तीन रात्री लावून सहा ते दहा तासांनी ते धुवायचे असते आणि उपचार 16 आठवड्यांपर्यंत चालू शकतो. लावलेल्या जागी लाली आणि जळजळ होते, ती अपेक्षितच असते. कातडी सोलवटून जखम झाली तर मात्र काही दिवस थांबावे लागते. याशिवाय डॉक्टर द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवतात, ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल लावतात किंवा विजेच्या उष्णतेने, लेझरने अथवा कात्रीने ती काढतात. गरोदरपणात चामखिळी वाढू शकतात. त्या वेळी गोठवणे, हे आम्ल लावणे किंवा चामखीळ काढून टाकणे हे पर्याय उरतात. या सर्व पर्यायांत निर्विवाद श्रेष्ठ असा एकही नाही. थोड्या आणि लहान चामखिळींना मलम पुरते, जाड आणि जुन्या चामखिळींना काढून टाकणे बरे पडते, आणि पुन्हा उगवण्याची शक्यता कुठल्याही पद्धतीत, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, राहतेच. काही जणांच्या चामखिळी उपचाराविनाही मावळतात. आपल्याकडे चामखिळीला चुना लावण्याची किंवा घोड्याचा केस बांधण्याची पद्धत आहे, तसेच हातापायांच्या चामखिळींची तीव्र आम्ले औषधाच्या दुकानात सहज मिळतात. यांपैकी काहीही जननेंद्रियांच्या नाजूक त्वचेवर वापरल्यास भाजून व्रण पडतो आणि निदानही अवघड होते.

लसीची कथा 1991 साली ऑस्ट्रेलियात सुरू होते. इयन फ्रेझर आणि जियान झोउ यांनी विषाणूच्या कवचातील प्रथिनापासून पोकळ, जनुकविरहित कण तयार केले. शरीराला ते विषाणूसारखे दिसतात, पण त्यांच्यापासून लागण होऊ शकत नाही. प्रकार 6, 11, 16 आणि 18 यांच्याविरुद्धची पहिली लस 2006 साली बाजारात आली. त्यानंतर आलेली दुसरी लस फक्त 16 आणि 18 यांच्याविरुद्ध होती. ती कर्करोगापासून रक्षण करते, पण चामखिळींसाठी बनवलेली नाही. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या लसीला 2022 साली मान्यता मिळाली. तिच्यात चारही प्रकार आहेत आणि ती मुलगे-मुली दोघांनाही देता येते. ऑस्ट्रेलियात 2007 साली मुलींचे लसीकरण सुरू झाल्यावर लैंगिक आरोग्य केंद्रांत आलेल्या 21 वर्षांखालील स्त्रियांमध्ये चामखिळींचे प्रमाण 11.5 टक्क्यांवरून 2011 पर्यंत एक टक्क्याच्याही खाली आले. त्याच वयाच्या, स्त्रियांशी संबंध असणाऱ्या पुरुषांना लस मिळालेली नसतानाही त्यांच्यातील प्रमाण ठळकपणे घटले. तिशीपुढच्या स्त्रियांत मात्र तशी घट दिसली नाही, कारण त्यांना लस मिळालीच नव्हती.

मग लागण झाल्यावर लस घेऊन उपयोग होतो का? लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे विषाणूचे कवच ओळखतात आणि तो पेशीत शिरण्याआधी त्याला अडवतात. खालच्या थरातील पेशींत आधीच बसलेला विषाणू तिथे कवच तयार करत नाही, त्यामुळे प्रतिपिंडांना पकडायला काही उरत नाही. कोस्टा रिकामध्ये एचपीव्हीची लागण असलेल्या तरुण स्त्रियांना 16 आणि 18 विरुद्धची लस दिली गेली. वर्षभरानंतर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांत लागण नाहीशी होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे निम्म्याच्या आसपास होते. खुद्द चामखिळींच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत 503 जणांना मलमाबरोबर चार प्रकारांची लस किंवा बिनऔषधी इंजेक्शन दिले गेले. लस घेतलेल्यांचा निकाल किंचित बरा दिसला, पण तो योगायोग नाही असे ठामपणे म्हणण्याइतका फरक नव्हता. लसीला उपचार म्हणून विकणाऱ्यांच्या शब्दावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

उदाहरणादाखल 24 वर्षांचा एक तरुण घेऊ. त्याच्या लिंगावर महिन्याभरात पाच-सहा लहान चामखिळी उगवल्या आहेत आणि त्याने पूर्वी लस घेतलेली नाही. डॉक्टर आधी गरमीच्या सपाट, ओलसर गाठींची शक्यता रक्ततपासणीने दूर करतील आणि एचआयव्हीची तपासणीही सुचवतील. लिंगाच्या मण्याभोवती ओळीने असणारे इवलेसे, सारख्या आकाराचे दाणे हे अनेक पुरुषांत नैसर्गिक असतात, त्यांना चामखीळ समजून जाळणे ही चूक टाळावी लागते. निदान पक्के झाल्यावर पोडोफायलोटॉक्सिनची चार चक्रे किंवा गोठवण्याच्या काही बैठका पुरतात. तीन महिन्यांत पुन्हा एखादी उगवली, तर तिलाही तोच उपचार द्यायचा. बहुधा त्याला सहा किंवा अकरा यांपैकी एका प्रकाराची लागण आहे. लस ती लागण काढणार नाही, परंतु उरलेल्या प्रकारांपासून, विशेषतः 16 आणि 18 पासून, त्याचे रक्षण करू शकेल. वय 26 च्या आत असल्याने तीन डोस, म्हणजे आज, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी, घेणे त्याच्यासाठी सयुक्तिक आहे. जोडीदाराला मात्र त्याने सांगितले पाहिजे. निरोध संसर्गाची शक्यता कमी करतो, पण न झाकलेल्या त्वचेतूनही विषाणू पसरतो. जोडीदार लसीच्या वयात असेल आणि तिने लस घेतलेली नसेल, तर तिला ती लवकर देणे योग्य ठरते. तिला आधीच लागण झाली आहे का, हे पाहण्यासाठी लसीआधी चाचणी करण्याची गरज नसते.